बारीक अक्षरं वाचणारा मोबाइल

माझ्या मुलीची नजर गेली तेव्हा ती बारावीत होती. ताप आला, डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. शिंदखेड्याच्या दवाखान्यातून आम्हाला धुळ्याला पाठवलं. तिथं एकवीस दिवस काढले. जीव वाचला, पण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नस सुकली, असं डॉक्टर म्हणाले. आता तिला उजेड आणि अंधार कळतो. खिडकी कुठं आहे ते कळतं. बाकी काही नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी मी कामावर गेले. मुलांची वजनं घेतली, वजनं मोबाइलमध्ये भरली, खिचडी वाटली. मदतनीस मला म्हणाली, "ताई, तुम्ही खिचडीत मीठच टाकलं नाही." मी चव घेतली होती. मला कळलं नव्हतं. त्यानंतरचं पूर्ण वर्ष मला असंच आठवतं, चव न लागलेलं. लोकांना वाटायचं मी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. आतून काही येतच नव्हतं. रडूसुद्धा नाही.

तिनं मात्र त्या वर्षात बरंच केलं. लेखनिक घेऊन बारावीची परीक्षा दिली. धुळ्याला एक सर आहेत, ते स्वतः जन्मापासून आंधळे. त्यांच्याकडे महिनाभर जाऊन ती मोबाइल वापरायला शिकली. मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सेटिंग असते. ती चालू केली की बोट जिथं टेकेल तिथं काय आहे ते मोबाइल बोलून सांगतो, आणि उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायची. माझा जुना मोबाइल मी तिला दिला होता. तो इतका दमलेला होता की ती बोट पुढच्या नावावर न्यायची तेव्हा आवाज मागच्या नावाचा यायचा. एकदा तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि तो लागला पाणीपुरवठ्याच्या माणसाला. ती खूप हसली होती. मी बाजूला बसून मटार सोलत होते.

मग धुळ्याच्या कॉलेजात बी.ए.ला तिला प्रवेश मिळाला, होस्टेलही मिळालं. माझे मालक सुरतेला कपड्याच्या मिलमध्ये आहेत. ते फोनवर म्हणाले, "मोबाइलले बारा हजार. त्याना वर नही." भांडण नव्हतं त्यात, राग नव्हता. तेवढेच होते, एवढंच.

प्रवेशाचे कागद द्यायला आम्ही धुळ्याला गेलो, त्याच दिवशी मोबाइल घ्यायचा ठरला. सोबत माझे धाकटे दीर आले. त्यांचा जीव आहे तिच्यावर. तिच्या आजारपणात दवाखान्याच्या पायरीवर एकवीस रात्री तेच झोपले. त्यांनी आठवडाभर आधी आग्रा रोडच्या एका दुकानात पाचशे रुपये देऊन मोबाइल बुक करून ठेवला होता. एस.टी.मध्ये त्यांनी मला त्याचा फोटो दाखवला.

"वहिनी, हाऊच लेवाना. एकशे आठ मेगापिक्सल शे. सोळा जीबी रॅम. बारा हजारले एक रुपया कमी!"

मी म्हटलं, बरं. मुलगी खिडकीशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

कॉलेजात कागद दिले. मूळ कागदांची फाईल परत मिळाली, ती तिनं मांडीवर धरली. दुकानात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. गर्दी नव्हती. काउंटरवर पंचविशीतला एक सेल्समन होता, गळ्यात ओळखपत्र, बोलायला चटपटीत. दिरांनी नाव सांगताच त्यानं बुक केलेला मोबाइल काढला आणि सुरू झाला. स्क्रीन कशी मऊ सरकते, एका सेकंदाला एकशे वीस वेळा कशी बदलते, रंग कसे उठून दिसतात, कडा कशा बारीक. बोलताना त्यानं तो मोबाइल तिच्या चेहऱ्यापुढे धरला. ती त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत होती. मग त्याच्या लक्षात आलं. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला मदत केली नाही. मी म्हटलं, "तिले कॅमेरा कसाले? कॅमेरा नसलेला काही येतो का? स्वस्त पडेल."

मी वाईट हेतूनं बोलले नाही. मला खरंच तसं वाटलं. न दिसणाऱ्या माणसाला फोटोचं काय काम. पण दीर खाली बघायला लागले.

मुलगी म्हणाली, "आई, कॅमेराच लागस माले." मग सेल्समनकडे वळून प्रमाण मराठीत, शाळेत बोलायची तशी, "दादा, मला कॅमेरा फोटोला नको. छापलेला कागद समोर धरला की मोबाइलनं वाचून दाखवला पाहिजे. तुम्ही मला तीन मोबाइल द्या. हा एक, तुमच्याकडचा स्वस्तातला एक, आणि एक असा की ज्याला इयरफोनचं भोक आहे आणि बोटाचा ठसा बाजूच्या बटनावर आहे."

सेल्समन म्हणाला, "भोकवाला आहे एक, ताई. पण तो कुणी घेत नाही. कडा जाड आहेत त्याच्या."

"मला कडा दिसत नाहीत," ती म्हणाली. चिडून नाही, माहिती द्यावी तसं.

तिला सरांनी सांगितलेल्या गोष्टी पाठ होत्या. तिनं पहिला मोबाइल हातात घेतला, आवाजाची दोन्ही बटनं एकदम दाबून धरली, आणि तो बोलायला लागला. सेल्समननं काही दाखवायला बोट लावलं तर काहीच उघडेना. तो दोनदा, तीनदा जोरात दाबत राहिला. ती म्हणाली, "आता दोनदा टकटक करायची, दादा." त्यानं केली, उघडलं. "अरे!" तो म्हणाला. त्यानंतर त्याचं पाठ केलेलं बोलणं बंद झालं आणि तो काउंटरच्या बाहेर येऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसला.

आधी सोळा जीबीचं निघालं. तिनं विचारलं, "सोळा म्हणजे खरे किती?" सेल्समननं सेटिंग उघडून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आठ खरे. आठ साठवणीच्या जागेतून उसने घेतलेले. त्यानं वेग तसा वाढत नाही." दिरांना ते पटेना. "खोक्यावर सोळा लिखेल शे ना!" ते म्हणाले. सेल्समननं खोकं फिरवलं. खाली बारीक अक्षरांत खरोखर आठ अधिक आठ लिहिलेलं होतं. तेवढ्यावरून तिनं तो मोबाइल बाजूला टाकला नाही. "आठ भरपूर आहेत," ती म्हणाली. "सहापण चालतात. चारला मात्र आवाज मागे पडतो."

मग बोटाचा ठसा. बुक केलेल्या मोबाइलमध्ये तो काचेच्या आत होता. बघणाऱ्याला काचेवर गोल दिसतो, तिथं बोट ठेवायचं. तिच्या बोटाला सगळी काच सारखीच. तिनं सात-आठदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी बोट थोडं वर, थोडं खाली. दीर म्हणाले, "सवय व्हई जाई." ती म्हणाली, "काका, बसमधे एका हातानं दांडा धरेल राही तवय?"

इयरफोनचं भोकही त्या मोबाइलला नव्हतं. सेल्समन म्हणाला, बिनतारीचे घ्या, आता सगळे तेच घेतात. तिनं समजावलं की बिनतारीत आवाज थोडा उशिरा येतो. गाण्याला चालतं. पण बोट फिरवत ऐकायचं असेल तर तो उशीर नको असतो. शिवाय वर्गात एका कानात मोबाइल आणि दुसऱ्या कानात सर लागतात. तारेचा इयरफोन शंभरात मिळतो, हरवला तर हरवला.

हे सगळं मी बघत होते. माझ्या मुलीला एवढं माहीत आहे याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवतं ते इतकंच की समोरच्या भिंतीवर एका हिरोचं मोठं पोस्टर होतं आणि त्याच्या एका दाताजवळ चिकटपट्टी निघालेली होती. मी ती पट्टी बघत होते.

मग कागद वाचायची परीक्षा आली. सेल्समननं आपल्या मोबाइलवरून तिन्ही मोबाइलना इंटरनेट दिलं, आणि तिनं कागद वाचणारं अ‍ॅप तिन्हींमध्ये घेतलं. घरून तिनं राज्यशास्त्राच्या पुस्तकाचं एक पान आणलं होतं. एस.टी.चं तिकीट खिशात होतं. पुस्तकाचं पान तिन्हींनी वाचलं, मराठी, व्यवस्थित. तिकिटाची छपाई फिकी, त्यात फरक पडला. स्वस्तातला गोंधळला. त्याच्या पाठीवर दोन कॅमेरे दिसत होते, पण सेल्समननंच सांगितलं की दुसरा नुसता शोभेचा आहे आणि पहिल्याला जवळचं नीट साधत नाही. एकशे आठवाल्यानं वाचलं. जाड कडांच्या मोबाइलला पन्नास मेगापिक्सल होते, त्यानंही तितकंच नीट वाचलं.

"मग एकशे आठनं काय जास्त मिळतं?" तिनं विचारलं.

"फोटो मोठा करून बघायचा असेल तर थोडं," सेल्समन म्हणाला. "वाचायला कॅमेऱ्यानं जवळचं पटकन धरलं पाहिजे. आकड्याचं तेवढं नाही."

"सर म्हणाले होते, चकचकीत कागदावर बघ," ती म्हणाली. "प्लास्टिक लावलेला, बारीक अक्षरांचा. त्यावर उजेड चमकतो. तिथं खरं कळतं."

सेल्समननं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या मांडीवर फाईल होती. त्यानं विचारलं, "यातला घेऊ का?" ती म्हणाली, घ्या. त्यानं वरचाच कागद काढला. लॅमिनेशन केलेला होता. तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. दवाखान्यातून निघताना तिनं मला विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं, दोन-तीन वर्षांत फरक पडेल म्हणाले. ते खोटं होतं. पुढे ती दर काही महिन्यांनी विचारायची आणि मी तेच सांगायचे. प्रमाणपत्र आलं तेव्हा तिनं म्हटलं, वाचून दाखव. मी वाचलं, पण एक ओळ सोडून. ते इंग्रजीत होतं. मी इंग्रजी अडखळत वाचते, त्यामुळे एक ओळ सुटली हे तिला कळलं नाही.

दुकानात मी हात पुढे करून तो कागद काढून घेऊ शकले असते. हात माझ्या मांडीवर होता आणि तो उचलला गेला नाही. मी ठरवून थांबले असं म्हणणं खोटं होईल. तो नुसता उचलला गेला नाही.

सेल्समननं कागद काउंटरवर सपाट ठेवला. तिनं एकशे आठवाला मोबाइल त्यावर धरला. मोबाइल तिला सांगत गेला, कागदाची डावी कड दिसत नाही, थोडा वर घ्या. तिनं घेतला. फोटो निघाला आणि तो वाचायला लागला. एका बाईच्या आवाजात, सपाट. कार्यालय वाचलं, तिचं नाव वाचलं, वय वाचलं, आमच्या गावाचं नाव चुकीच्या उच्चारात वाचलं. मग टक्केवारी. आणि मग ती ओळ. अवस्था कायमची आहे, सुधारणा होण्याची शक्यता नाही, अशा अर्थाची. पुढे शिक्क्याचे तुकडे वाचले आणि तो थांबला.

दिरांना इंग्रजी कळत नाही. सेल्समनला कळलं. तो काउंटरवरची एक केबल गुंडाळायला लागला.

तिनं मोबाइल काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "यानं नीट वाचलं. आता दुसरा द्या."

स्वस्तातल्या मोबाइलनं कागदाच्या मध्यावर पडलेली ट्यूबलाइटची चमक पकडली. नाव अर्धं वाचलं, टक्केवारी गाळली. ती ओळही त्यानं गाळली. आवाज इतका मागून येत होता की तिनं मोबाइल उचलला तरी तो बोलतच होता. शिवाय त्याच्या पडद्यावर मध्येच एक जाहिरात आली आणि टॉकबॅकनं तीही वाचायला सुरुवात केली, कुठल्याशा खेळात पैसे जिंकण्याची. तिनं तो परत दिला.

मग जाड कडांचा. तिनं कागद थोडा तिरका केला, चमक बाजूला गेली. मोबाइलनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ती ओळ दुसऱ्यांदा ऐकली आम्ही. तोच सपाट आवाज. त्यानंतर तिनं खात्री म्हणून आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा.

"हा," ती म्हणाली.

दहा हजार नऊशे नव्व्याण्णवचा होता. सहा जीबी, सगळे खरे. एकशे अठ्ठावीस जीबीची साठवण, वर्गातल्या तासांचं रेकॉर्डिंग ठेवायला पुरेल इतकी, आणि वर मेमरी कार्डाची जागा. बोटाचा ठसा बाजूच्या बटनावर, ते बटन थोडं खोलगट, अंगठा आपोआप बसतो. सेल्समननं विचारलं, बॅटरी मोठी असलेला दाखवू का, त्याचा आकडा जास्त आहे. ती म्हणाली, "माझा पडदा मी काळाच ठेवते. बॅटरी दोन दिवस जाते." त्याला ते सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, "ताई, हे आम्हाला कुणी शिकवत नाही." दिरांचे पाचशे बिलात वळते झाले. उरलेल्यात तारेचा इयरफोन, मागचं जाड रबरी कव्हर आणि पडद्यावर चिकटवायची काच आली. दिरांनी शेवटी एकदा बुक केलेल्या मोबाइलकडे बघितलं. मग ते तिला म्हणाले, "तुना बरोबर शे."

एस.टी. स्टँडवर दीर पाण्याची बाटली आणायला गेले. आम्ही दोघी सिमेंटच्या बाकावर बसलो. ती नव्या मोबाइलच्या बाजूच्या बटनावर अंगठा घासत होती.

"तुले माहीत व्हतं?" तिनं विचारलं.

"हां."

"कवयपासून?"

"दवाखान्यापासून."

शिरपूरची गाडी लागली, लोक धावले. गाडी सुटली. मग ती म्हणाली की तिला शंका होती. सरांनी एकदा विचारलं होतं, प्रमाणपत्र कायमचं आहे की काही वर्षांचं. तिनं उत्तर दिलं होतं, आईला विचारून सांगते. आणि विचारलं नव्हतं. "मी विचारेल असतं तर तू खोटंच सांगेल असतं," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, तसंच केलं असतं. ती रडली नाही. मलाही काही झालं नाही. दीर बाटली घेऊन आले आणि आम्ही तिघं पाणी प्यालो.

रात्री घरी मी स्वयंपाक केला. तिनं जेवताना सांगितलं, भाजीत मीठ जास्त आहे. मी म्हटलं, उद्या कमी टाकीन.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलनं काय दिलं आणि काय नाही, तेही सांगते. छापलेलं तो वाचतो. मैत्रिणींच्या वह्या, हातानं लिहिलेल्या, त्याला वाचता येत नाहीत. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, सरांच्याही नाही. पहिल्या परीक्षेला त्यामुळं तिची तारांबळ झाली. मग तिच्या खोलीतली एक मुलगी नोट्स मोठ्यानं वाचायला लागली आणि ही रेकॉर्ड करायला लागली. त्या बदल्यात ही तिचं इंग्रजी घेते. मोबाइल वरच्या पलंगावरून दोनदा पडलाय. काच तडकली, कव्हरनं बाकीचं वाचवलं. काच तिनं बदलली नाही.

जुलैमध्ये दवाखान्यातून फेरतपासणीचं पत्र आलं, गावच्या पत्त्यावर. मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला. पाठवायच्या आधी मी पत्र दोनदा वाचलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे का हे बघत होते हे माझ्या लक्षात आलं. मग तसंच पाठवून दिलं, पूर्ण पान. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. तिनं तारीख वाचली होती, वेळ वाचली होती, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं रिकाम्या पोटी यायचंही वाचलं होतं.

"त्या दिवशी माझा पेपर आहे," ती म्हणाली. "तपासून काही बदलणार नाही. मी नाही जाणार. तू त्यांना कळव."

मी दवाखान्यात फोन करून कळवलं. तिकडच्या बाईनं विचारलं, पेशंटनं स्वतः ठरवलं का. मी म्हटलं, हो, तिनं पत्र वाचलं आहे. मग मी अंगणवाडीत गेले. त्या दिवशी वजनांचा दिवस होता, एकवीस मुलं आली होती.